सिमेंटच्या बॅगेवर १० रुपये एक्साइज वाढला, तर बॅग कितीने महागते? २००७ च्या बजेटचं प्रकरण

फेब्रुवारी २००७ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी सिमेंटवरचा एक्साइज बदलला. तोवर टनाला सरसकट ४०० रुपये होता, म्हणजे ५० किलोची बॅग धरली तर २० रुपये बॅग. नवीन नियम असा की ज्या बॅगेची किरकोळ किंमत १९० रुपयांपर्यंत आहे तिच्यावर टनाला ३५० (बॅगेला साडेसतरा), आणि १९० च्या वर एक रुपया जरी गेली तरी टनाला ६०० (बॅगेला ३०). हेतू उघड होता, कंपन्यांनी भाव खाली आणावेत. झालं उलटंच, कंपन्यांनी बॅगेमागे साधारण करवाढीएवढीच किंमतवाढ जाहीर केली आणि पेपरात ओरड सुरू झाली की हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आलं.

मला हे प्रकरण शिकवायला फार आवडतं, कारण मोजके विक्रेते, एकसारखा माल आणि नगावर ठरलेला कर हे तिन्ही एकाच ठिकाणी सापडतं. शिवाय पुस्तकातलं उत्तर आणि बाजारातलं उत्तर यात फरक पडतो आणि तो का पडतो हे शोधता येतं.

आधी मॉडेल इथे बसतं का ते बघू. सिमेंट जड आणि स्वस्त, लांब न्यायला परवडत नाही, म्हणून बाजार प्रादेशिक असतो. चंद्रपूरकडे चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस पट्ट्यात कारखाने आहेत आणि आजूबाजूच्या बाजारात मोजकेच खेळाडू असतात. माल जवळपास सारखाच. आणि कारखान्याचा मोठा निर्णय हा की या महिन्यात भट्टी किती चालवायची, किती माल बाजारात सोडायचा. भाव मग सगळ्यांचा मिळून किती माल आला त्यावर ठरतो. फ्रान्सच्या कूर्नोने १८३८ मध्ये मांडलेला नमुना हाच, प्रत्येक जण दुसऱ्याचं उत्पादन गृहीत धरून आपलं उत्पादन ठरवतो.

आता आकडे. हे मी हिशोब सोपा जावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या कंपनीचे नाहीत. एका प्रादेशिक बाजारात तीन कंपन्या, Q म्हणजे महिन्याला लाख बॅगा, P म्हणजे बॅगेचा भाव रुपयात. बॅग बनवून पोचवायचा खर्च १०० रुपये, वर जुना एक्साइज २०, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सीमांत खर्च, आणखी एक बॅग काढायचा खर्च, १२०. डीलरचं कमिशन वगैरे बाजूला ठेवतोय.

```
मागणी:        P = 440 - 2Q
एकीचं उत्पादन: q = (440 - c) / (2 * (n+1))
भाव:          P = (440 + n*c) / (n+1)
```

n म्हणजे कंपन्यांची संख्या, c म्हणजे करासकट सीमांत खर्च. n ला ३ आणि c ला १२० घाला, प्रत्येकीचं उत्पादन ४० लाख बॅगा येतं, एकूण १२० लाख, भाव २०० रुपये. बॅगेमागे ८० रुपये मार्जिन, म्हणजे प्रत्येकीला महिन्याला ३२ कोटी.

आता कर १० रुपयांनी वाढला असं समजू. १९० ची अट तूर्त विसरा, सरसकट १० वाढले. c झाला १३०. प्रत्येकीचं उत्पादन ३८.७५ लाख, एकूण ११६.२५ लाख, भाव २०७.५०. म्हणजे १० पैकी साडेसात गिऱ्हाइकाकडे गेले आणि अडीच कंपन्यांनी गिळले.

हे ७५ टक्के आले कुठून? सूत्रात बघा, c एक रुपयाने वाढला की P हा n/(n+1) ने वाढतो, तीन कंपन्या असतील तर तीन चतुर्थांश. एकच कंपनी असती तर निम्मा, नऊ असत्या तर ९० टक्के. म्हणजे स्पर्धा जितकी जास्त तितका कर जास्त गिऱ्हाइकाकडे सरकतो, आणि मुलांना हे पहिल्यांदा उलटं वाटतं, कारण मनात असं असतं की मक्तेदार सगळं आपल्यावर ढकलणार. पण मक्तेदाराकडे खायला मार्जिन असतं आणि भाव वाढवला तर त्या मार्जिनवरची विक्री जाते हे तो स्वतःच भोगतो. तुटपुंज्या मार्जिनवर चालणाऱ्या दहा जणांकडे गिळायला काही उरलेलंच नसतं. आणि मागणीच्या रेषेचा उतार, तो २ आहे की ४, यात कुठेच येत नाही. उतार ४ केला तर बॅगा निम्म्या होतात, भाव तोच २०० वरून २०७.५०. करातला वाटा रेषा किती उभी आहे त्यावर ठरत असणार असं वाटतं, पण सीमांत खर्च स्थिर असताना सरळ रेषेत तसं होत नाही.

उत्पादनाचं गणित जरा जवळून बघण्यासारखं आहे. समजा तुम्ही तिघांपैकी एक आहात, कर १० ने वाढला आणि बाकीचे दोघं ४०-४० लाखांवरच राहणार असं तुम्ही धरलंत. तुमचं सर्वोत्तम उत्पादन (४४० − १३० − २×८०) भागिले ४, म्हणजे ३७.५ लाख, अडीच लाखांची कपात. पण तेही करामुळे कमी करणार, त्यांनी कमी केलं की भाव चढतो आणि तुम्हाला इतकं कापायची गरज राहत नाही, म्हणून शेवटी प्रत्येकाची कपात सव्वा लाखावर स्थिरावते. इथे एक खड्डा आहे ज्यात खूप जण पडतात. एक्सेलमध्ये फेऱ्या मारत बसलात, आधी तिघं ४०, मग तिघं ३७.५, मग ३७.५ धरून पुन्हा काढलं, तर उत्तर येतं परत ४०, मग परत ३७.५, हे कधी थांबतच नाही. फॉर्म्युला चुकलेला नसतो, तीन कंपन्या सरळ रेषेवर एकाच वेळी प्रतिक्रिया देत राहिल्या की असंच झुलतं (थिओकॅरिसने १९६० मध्ये हे दाखवलं, चार आणि पुढे तर ते फाटतच जातं). समतोल काढायचा तर तिन्ही समीकरणं एकदम सोडवायची, आणि उत्तर आलं की तपासायचं: बाकीचे ३८.७५ वर असतील तर माझं सर्वोत्तम ३८.७५ येतं का? (३१० − १५५)/४, येतं.

आता पैसे कुणाचे गेले ते मांडू. गिऱ्हाइकाचं संतोषाधिक्य, म्हणजे तो जास्तीत जास्त जेवढे द्यायला तयार होता आणि प्रत्यक्षात जेवढे दिले यातला फरक, महिन्याला ८.८६ कोटींनी घटलं. प्रत्येक कंपनीचा नफा ३२ कोटींवरून ३०.०३ कोटींवर आला, तिघींचे मिळून ५.९१ कोटी गेले. दोन्ही मिळून १४.७७ कोटी. सरकारला किती मिळाले? आधी २० रुपयांनी १२० लाख बॅगा म्हणजे २४ कोटी, आता ३० रुपयांनी ११६.२५ लाख म्हणजे ३४.८८ कोटी, वाढ १०.८८ कोटींची. राहिलेले ३.८९ कोटी कुणालाच मिळाले नाहीत.

हा ३.८९ चा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. सरकारच्या वाढीव १०.८८ च्या तुलनेत तो ३६ टक्के आहे, आणि पावणेचार लाख बॅगा कमी विकल्या एवढ्यावरून एवढं नुकसान? कारण जी बॅग विकली गेली नाही ती गिऱ्हाइकाला २०० च्या आसपास मोलाची होती आणि बनवायला खरा खर्च १०० होता. स्पर्धेच्या बाजारात कर नसताना भाव आणि खर्च जवळपास सारखे असतात, म्हणून पहिल्या रुपयाच्या कराने नुकसान जवळपास शून्य होतं. इथे कंपन्यांचं मार्जिन आणि जुना कर यांनी मिळून आधीच १०० रुपयांची दरी पाडलेली आहे, त्यामुळे प्रत्येक हरवलेली बॅग मुळातच महाग पडते. मोजक्या कंपन्यांच्या बाजारात नगावर कर लावताना हा हिशोब सुटला की धोरण कागदावर फार स्वस्त दिसतं.

तिघींचे खर्च सारखे नसतील तर? समजा १०४, १२० आणि १३६. सरासरी तीच, म्हणून भाव तोच २००, उत्पादन ४८, ४० आणि ३२. करानंतर भाव तोच २०७.५०, आणि प्रत्येकीची कपात तीच, सव्वा लाख. पण सव्वा लाख हे ४८ च्या मानाने २.६ टक्के आणि ३२ च्या मानाने ३.९ टक्के. सारखा दिसणारा कर अशक्त कंपनीला जास्त चावतो आणि सशक्त कंपनीचा बाजारातला वाटा थोडा वाढतो. आणि कर सगळ्यांवर नसेल, एकीला सवलत असेल (मिनी सिमेंट प्लांटना दर वेगळा, कमी होता), तर चित्र अजून बदलतं. तिघींचा खर्च १२० आणि वाढ फक्त दोघींना: भाव ५ रुपयांनीच वाढतो, त्या दोघींचं उत्पादन ४० वरून ३७.५, आणि सवलतवालीचं ४२.५. ज्याच्यावर कर नाही त्याला दुसऱ्याच्या करातून नफा होतो.

आता खऱ्या घटनेकडे. मॉडेल म्हणतं साडेसात, जाहीर वाढ दहाच्या आसपास. इथे बहुतेक जण लगेच म्हणतात, बघा, पूर्ण कर ढकलला म्हणजे कार्टेल आहे, कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवलाय. सिमेंटमध्ये कार्टेलचा संशय हवेतला नाही, कॉम्पिटिशन कमिशनने जून २०१२ मध्ये ११ कंपन्यांवर ६,३०० कोटींच्या वर दंड लावला होता (पुढे त्यावर अपिलं झाली). पण २००७ च्या पूर्ण ढकललेल्या करातून कार्टेल सिद्ध होत नाही, उलट सरळ रेषेत तिघं एक होऊन मक्तेदारासारखे वागले असते तर करातला निम्माच भाग भावात दिसला असता. कार्टेलमध्ये भाव आधीच उंच असतो, कर आल्यावरची वाढ कमी असते. भावाची पातळी आणि भावातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात.

मग दहा कसे? पहिला संशय सरळ रेषेवरच घ्यायचा. मागणीची लवचिकता म्हणजे भाव एक टक्का वाढला की मागणी किती टक्के घटते, ती आपल्या समतोलात २००/(२×१२०), म्हणजे ०.८३. आता रेषेऐवजी असा वक्र घ्या ज्यावर लवचिकता सगळीकडे ०.८३ च राहते, आणि तो याच बिंदूतून जाऊ द्या. तीन कंपन्या त्याच, खर्च १२० तोच, भाव २०० तोच, उत्पादन १२० लाख तेच. कर येण्याआधी आकड्यांवरून तुम्ही रेषा आणि वक्र यात फरक करूच शकत नाही. पण या वक्रावर भाव नेहमी खर्चाच्या १.६७ पट राहतो, म्हणून १० रुपये कर वाढला की भाव १६.६७ ने वाढतो. कराहून जास्त! एकाच बिंदूवरून एक मॉडेल साडेसात म्हणतं, दुसरं पावणेसतरा, आणि खरं उत्तर भाव वर गेल्यावर मागणी कशी वळते यावर आहे. म्हणून दहा ही वाढ दिसली तर माझा निष्कर्ष एवढाच की मागणी बहुधा रेषा आणि या वक्राच्या मधली आहे, किंवा त्याच काळात बांधकामाच्या तेजीने मागणीच सरकत होती आणि कराचा परिणाम त्यात मिसळला. हे वेगळं करायचं असेल तर नुसता भाव बघून भागत नाही, त्याच महिन्यांत माल किती उचलला गेला ते लागतं: भाव चढताना डिस्पॅचही वाढला असेल तर मागणी सरकली आहे. जाहीर केलेली वाढ आणि डीलरला खरोखर लागलेला भाव यातही सूट-स्कीममुळे फरक असतो, तोही तपासायचा.

राहिली १९० ची पायरी, आणि ती या प्रकरणातली सगळ्यात छान जागा आहे. आपल्या बाजारात करानंतरचा भाव २०७.५०. समजा एक कंपनी ठरवते की मी माल वाढवून भाव १९० वर आणते, मग कर ३० ऐवजी १७.५० लागेल. बाकीच्या दोघी ३८.७५ वर, म्हणून हिला ४७.५ लाख बॅगा सोडाव्या लागतील. मार्जिन १९० वजा ११७.५०, म्हणजे ७२.५०, नफा ३४.४४ कोटी, आणि न हलता राहिली असती तर ३०.०३. म्हणजे २०७.५० हा समतोल टिकतच नाही! तिघी ४१.६७ लाखांवर आणि भाव बरोब्बर १९० वर टिकतो: तिथून कुणी थोडं कमी काढलं की भाव पायरी ओलांडतो आणि ३० चा कर अंगावर येतो, जास्त काढण्यात फायदा नाही. नफा ३०.२१ कोटी, २०७.५० पेक्षा किंचित जास्तच. म्हणजे कागदावर चिदंबरम यांची कल्पना चालायला हवी होती, २०० चा भाव १९० वर यायला हवा होता.

पण यात एक गृहीत लपलंय, की ४० लाखांची भट्टी ४७.५ लाख काढू शकते. सिमेंटची भट्टी अशी वाढत नाही, नवीन क्लिंकर लाइन उभी राहायला वर्षं लागतात, आणि २००६-०७ मध्ये बांधकाम इतकं जोरात होतं की देशभर कारखाने जवळपास पूर्ण क्षमतेवर चालत होते. समजा प्रत्येकीची क्षमता ४० लाखच आहे. तिघी पूर्ण चालल्या तरी १२० लाख, भाव २००, त्याखाली जायची वाटच नाही. एकीने एकटीने जोर लावला तर ४० अधिक ७७.५, भाव २०५. पायरीचं बक्षीस दिसतंय पण हात पोचत नाही, आणि मग उरते ती फक्त वरच्या दराची करवाढ. क्षमता संपलेल्या बाजारात भावाच्या पायरीने उत्पादन वाढवून घेता येत नाही, ही माझ्या मते त्या बजेटची खरी चूक होती.

मे २००७ मध्ये सरकारने यात दुरुस्ती केली. १९० ते २५० च्या मधल्या बॅगेवर किमतीच्या १२ टक्के, २५० च्या वर तेच टनाला ६००. जुळणी बघा, २५० चे १२ टक्के म्हणजे ३० रुपये, वरच्या टोकाची उडी गेली. १९० ला मात्र साडेसतरावरून २२.८० अशी उडी शिल्लक राहिली. आपल्या बाजारात हा टक्क्यांचा कर घाला (पायरी बाजूला ठेवून). कंपनीच्या हातात भावाचे ८८ टक्के येतात, म्हणून खर्च १०० ऐवजी १००/०.८८, म्हणजे ११३.६४ धरायचा, आणि भाव येतो १९५.२३. कर बॅगेला २३.४३. जुना कर २० होता तेव्हा भाव २०० होता, आता कर जास्त आणि भाव कमी! कारण नगावरच्या करात माल कमी काढून भाव एक रुपयाने चढवला की तो पूर्ण रुपया कंपनीचा, टक्क्यांच्या करात त्यातले १२ पैसे सरकारचे, म्हणून माल रोखून धरण्यातला फायदाच कमी होतो. सरकारला २८.६७ कोटी, आधी २४ होते.

आणि क्षमता ४० वरच अडकलेली असेल तर? कंपन्यांना ४०.८ लाख काढायचं असतं, काढता येत नाही, भाव २०० वरच राहतो, कर २४ रुपये लागतो आणि वाढलेले चारही रुपये कंपनीच्या मार्जिनमधून जातात, ८० चे ७६ होतात. गिऱ्हाइकाला एक पैसाही जास्त पडत नाही, आणि सरकारला महिन्याला २८.८० कोटी येतात.